फोटोवरून खरे-खोटे इअरबड्स कसे ओळखायचे? पोरीसाठी घेऊन राहिलो, पाहून सांगा

सोयाबीनवाला_दिग्रस
राजेहो, थोडी मदत पाह्यजे. पोरगी यवतमाळले नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले आहे, हॉस्टेलच्या एका खोलीत सहा जणी, रात्री लेक्चर ऐकाले कानातलं पाह्यजे म्हणते. मामानं मागच्या वर्षी तिले वापरलेला आयफोन ११ देल्ला होता म्हून तिचं मन एअरपॉड्स प्रोवर आहे. नवीन घ्यायची आपली काही ऐपत नाही, टाइप-सी वालं आलं तवा २४,९०० ले होतं. आता एका विक्रीच्या ग्रुपवर नागपूरचा एक पोरगा तेच सेकंड जनरेशन, टाइप-सी वालं ४२०० ले देऊन राहिला. दोन महिने वापरलं म्हणते, बिल हरवलं म्हणते, पण "फोनले लावलं की पॉपअप येते, १००% ओरिजिनल" असं लिहून राहिला. त्याले मी ५०० टोकन पाठवून बसलो आहे. त्यानं पाठवलेले सहा फोटो खाली टाकले आहेत: डबी बंद, डबी मागून, डबी उघडी, दोन्ही कळ्या हातावर, खालून चार्जिंगचं भोक, आणि फोनवरच्या पॉपअपचा स्क्रीनशॉट. मले यातलं काहीच समजत नाही, तुम्ही सांगा घ्यावं का नाही.

रानमळा_वाशिम
४२०० मध्ये तर दोन चांगले नवीन येतात भाऊ, वॉरंटीसहित. माझ्याकडे दीड हजारवाले आहेत, ट्रॅक्टरवर पण ऐकू येतं. कोणती कंपनी ते सांगू का?

सोयाबीनवाला_दिग्रस
नाही भाऊ, दुसरं कोणतं घ्यावं ते नाही विचारून राहिलो, हे खरं का खोटं ते पाह्यजे. पोरीनं तेच सांगितलं आहे.

टेक्नो_भाऊ_वणी
फोटो पाहिले. मागून "Assembled in Vietnam" लिहिलंय, इथेच समजलं. ओरिजिनलवर चायना असतं. फेक आहे, विषय संपला. आणि अजून एक, झाकणाच्या आत सिरीयल नंबर असतो, तो कंपनीच्या checkcoverage.apple.com वर टाकायचा, तिथे माल दिसला तर खरा, नाही दिसला तर खोटा. एवढं सोपं आहे.

मोबाईलदुकान_पुसद
टेक्नो भाऊ, दोन्ही गोष्टी अर्ध्या आहेत, रागावू नका. खरा माल चायनात पण जोडला जातो आणि व्हिएतनाममध्ये पण, माझ्या दुकानात दोन्ही येतात, त्यामुळे देशाच्या नावावरून काहीच ठरत नाही. आणि सिरीयलचं म्हणाल तर नकली बनवणारा कुठल्या तरी खऱ्या डबीवरचा नंबर उचलतो आणि हजारो डब्यांवर तोच छापतो, साईटवर टाकला की खरा माल म्हणूनच दिसतो. नंबर सापडलाच नाही तर संशय पक्का समजा, पण सापडला म्हणून माल खरा होत नाही.

मी अकरा वर्षं रिपेरिंगमध्ये आहे. दिग्रसवाले दादा, तुमच्या फोटोंवर बोलतो, पण एक आधी सांगा, हे फोटो त्यानं व्हॉट्सॲपवर साधे पाठवले ना? तसं पाठवलं की फोटो दबतो आणि बारीक अक्षर, जाळी सगळं पुसट होतं. त्याला म्हणा तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, दिवसा खिडकीजवळ काढलेले, फ्लॅश बंद. आणि एका फोटोत डबीशेजारी कागदावर आजची तारीख अन तुमच्या गावाचं नाव लिहून ठेव म्हणा, नाहीतर हे फोटो कुठल्या तरी खऱ्या मालाचे असतील आणि हातात दुसरंच येईल.

सोयाबीनवाला_दिग्रस
हाव, साधेच पाठवले होते. सांगतो त्याले.

(संध्याकाळी)

आले नवीन फोटो. कागद ठेवलाय, तारीख आजची आहे, दिग्रस लिहिलंय. त्यानं थोडी कुरकुर केली पण पाठवले. मले तर डबी चांगलीच चकाचक दिसते.

मोबाईलदुकान_पुसद
बरं केलं. मागचा फोटो घ्या, ज्यात कब्जा दिसतो, म्हणजे झाकणाची बिजागरी. खऱ्या डबीत ती धातूची पट्टी असते आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या पातळीतच बसलेली असते, बोट फिरवलं तर ना खाली जातं ना वर अडकतं. फोटोत बोट फिरवता येत नाही, म्हणून मी उजेडाची रेघ पाहतो. त्यानं खिडकीजवळ काढलंय ना, तर खिडकीची पांढरी रेघ डबीच्या पाठीवरून खाली उतरते. ती प्लास्टिकवरून पट्टीवर जाताना सरळ जात असेल तर दोघं एका पातळीत आहेत. तुमच्या फोटोत ती रेघ पट्टीपाशी तुटली आणि थोडी उजवीकडे सरकून पुढे गेली आहे. म्हणजे पट्टी वर उचललेली आहे किंवा वाकडी बसली आहे. शिवाय डाव्या टोकाला काळी फट दिसते, उजव्या टोकाला नाही.

यावरून मी अजून "खोटी" म्हणणार नाही. डबी खाली पडलेली असली, कोणी उघडून बॅटरी पाहायचा प्रयत्न केला असला तरी फट वाढते. पण दोन महिने वापरलेली, कुठं खरचटा नाही, अशी डबी आणि कब्ज्याला एकाच बाजूला फट, हे मला पटत नाही.

वर्धेकरीण
मी मध्येच बोलते, माफ करा. माझं असं झालं की गेल्या दिवाळीत मी सेकंडहँड घेतले, सगळं खरं होतं, आवाज पण मस्त, पण माझ्या फोनला जोडले की कुणा दुसऱ्याच्या अकाउंटला जोडलेले आहेत असं दाखवायचं. कोणी म्हणालं फेक आहे, फेकून दे. तर यांच्या फोटोत पण तसं काही दिसतं का बघा.

मोबाईलदुकान_पुसद
ताई, तुमचे फेक नव्हते, उलट खरे होते. आधीच्या मालकानं त्याच्या Find My मधून, म्हणजे हरवलेलं शोधायच्या आयफोनच्या ॲपमधून, काढले नव्हते म्हणून तसं दिसत होतं. त्याला फोन करून काढायला लावलं तर काम झालं असतं. काढायला नाही म्हणाला असता तर चोरीचा माल असल्याचा संशय घ्यायला जागा होती. दिग्रसवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे, तरी विकणाऱ्याला "तुझ्या अकाउंटमधून काढून दे" म्हणून पाहायला हरकत नाही, त्याच्या उत्तरावरूनच बरंच समजतं.

वर्धेकरीण
अरे देवा, मी तर ते ६०० रुपयांत भावाच्या मित्राला देऊन टाकले.

टेक्नो_भाऊ_वणी
दुकानदार साहेब, ठीक आहे, मानलं. पण मग जाळी पाहा ना, जाळीवरून तर सरळ समजतं. फेकवर जाळी नसतेच, नुसते काळे ठिपके रंगवलेले असतात.

मोबाईलदुकान_पुसद
स्वस्तातल्या नकलीवर ठिपके असतात, हे खरं आहे. पाचशे-सातशेवाल्यात काळा प्लास्टिकचा तुकडा असतो आणि त्यावर खळगे पाडलेले. पण जो माल तीन-चार हजाराला "वापरलेला ओरिजिनल" म्हणून विकतात त्यावर धातूची जाळीच असते, त्यामुळे जाळी आहे का नाही हे पाहून चालत नाही, जाळी कशी बसली ते पाहावं लागतं.

दादांच्या कळ्यांच्या फोटोत बाहेरच्या बाजूला जो मोठा लांबट काळा भाग आहे तो मोठा करून बघा. खऱ्याची वीण इतकी बारीक की साध्या फोनच्या फोटोत ती जवळपास सपाट काळपट-करडी दिसते, आणि कड एका रेषेत कापलेली, पांढऱ्या प्लास्टिकला भिडलेली. तुमच्या फोटोत वीण मोजता येईल इतकी जाड दिसते, आणि डाव्या कळीच्या कडेला एका ठिकाणी ओलसर चमक आहे, वाळलेल्या गोंदासारखी. कानातल्या रबरी टोपीच्या आतही बारीक जाळी असते, ती त्यानं दाखवलीच नाही, टोपी काढून फोटो मागा.

जुनी_टाकी_कारंजा
मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नाही, पण पुण्यात असताना असाच एक नकली जोड हातात आला होता, त्याची जाळी आणि माझ्या खऱ्याची जाळी भिंगाखाली शेजारी ठेवली तरी मला फरक कळला नाही. दुकानदार म्हणतात तसं फोटोवरून वीण मोजणं मला जरा धाडसाचं वाटतं. कानातला मळ बसला की खरीची वीण पण जाड दिसते.

मोबाईलदुकान_पुसद
तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. मळ बसला की वीण फसवते, आणि कोणी रिपेर करताना बाहेरची जाळी लावली असेल तरी फसवते. म्हणून मी वीणीपेक्षा कडेवर जास्त भरवसा ठेवतो. पण नवीन नकलीत कड सुद्धा सुधारली आहे. यावर आपलं दोघांचं एकमत नाही झालं तरी चालेल, मी जाळीवर एकट्यावर पैसे देऊ किंवा रोखू म्हणणार नाही.

छापलेली अक्षरं बघू. मागच्या पाठीवर कब्ज्याखाली जी ओळ आहे ती खऱ्या डबीवर फिक्कट करडी असते, उजेडात डबी थोडी तिरकी केल्याशिवाय वाचताच येत नाही. तुमच्या फोटोत ती समोरून, दोन हातांवरून वाचता येते, जवळजवळ काळी. स्पेलिंग बरोबर आहे, त्यात चूक शोधत बसू नका, आता कोणी स्पेलिंग चुकवत नाही. अक्षरांची जाडी बघा. Designed मधल्या i वरचा टिंब खालच्या दांडीला चिकटला आहे, g चं पोट भरून आलं आहे. शाई पसरली की असं होतं.

आता कळीच्या खाली जो बारीक नंबर आहे तो मला तुमच्या फोटोत वाचता आला, A2699. आणि डबीला भोक टाइप-सी चं आहे. A2698, A2699 हे नंबर त्या सेकंड जनरेशनच्या लाइटनिंगवाल्या, म्हणजे आयफोनच्या जुन्या चार्जिंग भोकाच्या, जोडीचे. टाइप-सी वाल्या कळ्यांवर A3047, A3048, A3049 यातला नंबर यायला पाहिजे आणि डबीचा A2968.

सोयाबीनवाला_दिग्रस
म्हणजे पक्कं खोटं ना काका? मी आता रात्रीच त्याले फोन करतो.

मोबाईलदुकान_पुसद
थांबा, घाई नका करू. कुणी जुन्या कळ्यांसाठी नुसती टाइप-सी डबी वेगळी घेतली असेल तर असा जोड होऊ शकतो. त्याला विचारा की डबी वेगळी घेतली का. त्यानं "नाही, एकत्रच होतं, सीलपॅक घेतलं" म्हणलं तर मग तो त्याच्याच बोलण्यात अडकला.

सोयाबीनवाला_दिग्रस
विचारलं. म्हणते सीलपॅक एकत्रच घेतलं, दुकानातून, आणि डबी-बिबी वेगळी कायले घेऊ. काका, खरंच अडकला. पण तो म्हणते "अंकल, पॉपअप पाहा ना, नकलीले पॉपअप येतच नाही, हा काय फोटो पाठवला". पॉपअपचा फोटो तर खराच दिसते, चित्र पण, बॅटरीचे टक्के पण.

मोबाईलदुकान_पुसद
ही सगळ्यात मोठी फसवणूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पॉपअपमध्ये जे चित्र येतं ते डबीतून येत नाही, ते आयफोनमध्येच साठवलेलं असतं. डबी उघडली की कळ्या ब्लूटूथवर हाक मारतात की मी अमुक मॉडेल, बॅटरी इतकी. आयफोन ती हाक ऐकून आपल्याकडचं चित्र दाखवतो. नकली चिपवाले तीच हाक हुबेहूब मारतात. गावात कोणी फोन करून "मी तलाठी बोलतो" म्हणलं तर आवाजावरून तुम्ही तलाठी मानाल, तसं. म्हणून पॉपअप आला याचा अर्थ हाक बरोबर मारली, एवढाच.

आता त्याला दोन गोष्टी मागा. पहिली, कळ्या जोडलेल्या असताना Settings मध्ये एअरपॉड्सच्या नावावर जाऊन खाली About आहे, तिथे सिरीयल नंबर दिसतो, त्या नंबरवर बोट दाबलं की डावी कळी, उजवी कळी आणि डबी यांचे वेगवेगळे नंबर दिसतात, त्यांचा स्क्रीनशॉट. दुसरी, त्याच्या फोनचा आयओएस कोणता आहे त्याचा स्क्रीनशॉट.

टेक्नो_भाऊ_वणी
हे मला माहीत आहे, तिन्ही सिरीयल सारखे असले की जोड एकाच सेटचा आहे, म्हणजे खरा.

मोबाईलदुकान_पुसद
उलटं आहे भाऊ. खऱ्या जोडात तिघांचे नंबर वेगळे असतात, कारण एक कळी हरवली तर एकच वेगळी घेता येते, ती कोणती ते ओळखायचं असतं. जुळवायचं ते डबीच्या झाकणाच्या आत छापलेला नंबर आणि स्क्रीनवरचा डबीचा नंबर, हे दोन.

सोयाबीनवाला_दिग्रस
आले. पहिल्यांदा टाळत होता, "अंकल तुम्ही लय शंका घेऊन राहिले", मग पाठवले. तिन्ही नंबर सारखेच, एक अक्षर पण वेगळं नाही. आणि झाकणाच्या आतला नंबर पण तोच. फोनचा आयओएस १५.७.

मोबाईलदुकान_पुसद
दादा, आता मी स्पष्ट म्हणतो, घेऊ नका. कब्जा, जाळी, शाई, यातलं प्रत्येक एकेकटं सुटलं असतं, पण कळीवरचा मॉडेल नंबर त्याच्या सांगण्याशी जुळत नाही आणि तिन्ही सिरीयल एकच, हे सुटत नाही.

आयओएस १५ कायले विचारलं ते पण सांगतो. आयओएस १६ पासून नकली एअरपॉड्स जोडले की "Cannot Verify AirPods" असा इशारा येऊ शकतो. १५ वर तो इशाराच नाही. आता त्यानं मुद्दाम जुना फोन ठेवला की तोच त्याचा फोन आहे, ते मला ठरवता येत नाही. तुमच्या पोरीचा ११ आहे, त्याला अपडेट मिळतं, तिचा कोणता आहे?

सोयाबीनवाला_दिग्रस
तिचा १७ म्हणते. तो पोरगा शनिवारी यवतमाळले येऊन राहिला म्हणे कामानं, बसस्टँडवर दाखवतो म्हणते. जाऊ द्यावं का तिले? मी पण येतो तिथं.

मोबाईलदुकान_पुसद
तुम्ही सोबत असाल तर जा, आणि पैसे देण्याआधी तिच्याच फोनवर लावून पाहा. रस्त्यात सोनाराचं दुकान लागलं तर डबी, कळ्या आत नसताना, काट्यावर ठेवा, खरी ५०.८ ग्रॅम असते आणि कळी ५.३. हलकी निघाली तर आणखी एक धागा मिळाला, पण वजन बरोबर आलं म्हणून खरी मानू नका, काही जण आत लोखंडाचा तुकडा टाकतात.

गल्लीतली_ग्राहक_यवतमाळ
डबीसोबत जो खोका आहे त्याचा पण फोटो मागा. इथे विकायला आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते, आणि BIS या सरकारी मानक संस्थेचा R ने सुरू होणारा नंबर असतो, तो BIS CARE ॲपवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते कळतं. दुबईहून कोणी आणलेलं असेल तर हे नसेल, त्यामुळे फक्त त्यावरून काही ठरवू नका. आणि ते ५०० टोकन त्यानं परत नाही दिलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवता येते, स्क्रीनशॉट जपून ठेवा.

सोयाबीनवाला_दिग्रस
(रविवारी) काल गेलो होतो. पोरीनं फोन काढला, डबी उघडली, आधी पॉपअप आला, तो पोरगा हसून म्हणे पाहा. मग तिनं कनेक्ट दाबलं तं "Cannot Verify AirPods" आलं. तो म्हणे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, दुसऱ्यांदा लाव. दुसऱ्यांदा लावलं, पुन्हा तेच. मग बस आली म्हणून निघून गेला. वजन करायची वेळच आली नाही. खोका आणलाच नव्हता. ५०० बद्दल म्हणे देतो, अजून आले नाहीत, १९१५ वर बोललो, नंबर देल्ला आहे त्यांनी.

पोरगी म्हणे बाबा, तारवाले घेऊन द्या सध्या. दुकानदार काका, तुमचे आभार मानाले शब्द नाहीत माह्यापाशी, पुसदले आलो की दुकानात येतो.

वर्धेकरीण
काका, मी त्या मित्राकडून माझे परत मागितले, तो द्यायला तयार आहे. जुन्या मालकाचा नंबर अजून माझ्याकडे आहे. त्यानं काढून दिलं की मला कसं कळेल?

मोबाईलदुकान_पुसद
त्यानं काढलं की तुमच्या फोनला जोडताना दुसऱ्याच्या अकाउंटचा मेसेज येणार नाही आणि तुमच्या Find My मध्ये तुमच्या नावानं दिसतील. नाही दिसले तर परत लिहा.

जुनी_टाकी_कारंजा
माझा एक प्रश्न राहिलाच. माझ्या भाच्याच्या जोडाला आयओएस १७ वर इशारा आलेला नाही, तिन्ही सिरीयल वेगळे आहेत, पण कब्ज्याला उजव्या बाजूला फट आहे आणि जाळीच्या कडेला चमक. तीन वर्षांपूर्वी दुकानातून घेतलेला, बिल आहे.

मोबाईलदुकान_पुसद
बिल आहे आणि सिरीयल वेगळे आहेत तर मला रिपेर केलेला वाटतो, पण फट किती ते पाहिल्याशिवाय नाही सांगत. मागचा फोटो खिडकीजवळ काढा, डबी थोडी तिरकी, आणि डॉक्युमेंट म्हणून टाका.